घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, जेवण मात्र सरळ उतरतं. मग आहे तरी काय?

मृण्मयी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. गणपती झाले तेव्हापासून माझ्या घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. बरोबर मध्यभागी, गळ्याच्या खोबणीच्या थोडं वर. सुपारीएवढं काहीतरी तिथे बसलंय आणि ना खाली जातं ना वर येतं, असं. दुखत नाही. आवंढा गिळला की जास्त जाणवतं, म्हणून परत गिळते, मग आणखीच जाणवतं.

गंमत म्हणजे जेवताना ते नसतंच. भाकरी, भात, अगदी कोरडा चिवडासुद्धा व्यवस्थित जातो. हात धुऊन आले की अर्ध्या तासात पुन्हा हजर. मी शाळेत शिकवते. तास चालू असताना फारसं लक्षात येत नाही, पण स्टाफरूममध्ये पेपर तपासायला बसले की सुरू.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन आले. नाकातून बारीक दुर्बीण घालून त्यांनी स्वरयंत्र आणि आजूबाजूचं सगळं पाहिलं. म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." महिनाभर पॅन्टोप्राझोल दिलं, फरक शून्य. मग मीच मानेची सोनोग्राफी करून घेतली. त्यात थायरॉईडमध्ये ४ मिलिमीटरची गाठ आली. तेव्हापासून झोप उडाली आहे. टीएसएच नॉर्मल आहे.

हेही सांगते की माझे मावससासरे याच वर्षी घशाच्या कॅन्सरने गेले. शेवटचे काही महिने मी त्यांच्याकडे जाऊन-येऊन होते.

माझा प्रश्न साधा आहे. काहीच नाही, तर मग मला जाणवतं ते काय? कुणाला असा अनुभव आहे का?

केतकर_आजोबा

मुली, अॅसिडिटी आहे ही. मला दहा वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं. रात्रीचं जेवण सातला घ्यायला लागलो, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, सकाळी उपाशीपोटी गोळी. तीन-चार आठवड्यांत गोळा गायब. जळजळ जाणवत नसली तरी आम्ल वर येतं, त्याला 'सायलेंट' म्हणतात. तुमची गोळी कमी पडली असेल, दुप्पट घ्या आणि तीन महिने घ्या.

निशिगंध

+१. मलाही होतं. परीक्षेच्या आधी, इंटरव्ह्यूच्या आधी हमखास. लग्न ठरल्यावर तर मुक्कामालाच आला होता :)

टपरीवाला

निशिगंध, लग्नानंतर गेला का गोळा? की त्याचंच नाव आता 'अहो' आहे?

निशिगंध

गेला गेला. अहोंना आलाय आता.

सह्याद्रीपुत्र

माझ्या वडिलांनाही हाच त्रास आहे, त्यामुळे धागा वाचतोय. वय ६७. दोन महिन्यांपासून भाकरी घशाशी अडकते म्हणतात. आता भाकरी दुधात कुस्करून खातात, ती जाते. थोडे वाळलेही आहेत, पण भूकच कमी झाली आहे म्हणतात. इथे वाचून धीर आला की हे निरुपद्रवी असतं.

घाटमाथा

सह्याद्रीपुत्र, आधी तुम्हालाच उत्तर देतो, कारण तुमच्या वडिलांचा त्रास आणि मृण्मयीताईंचा त्रास एक नाही. मी साताऱ्याकडे कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो.

ताईंना काहीही न गिळता गोळा जाणवतो आणि खाताना जातो. तुमच्या वडिलांचं उलट आहे. त्यांना खातानाच अडतं, घट्ट पदार्थ आधी अडायला लागले, म्हणून ते पातळाकडे वळले, आणि वजन उतरतंय. ६७ व्या वर्षी ही तीन लक्षणं एकत्र असतील तर अन्ननलिका आतून बघितल्याशिवाय काहीही बोलू नये. या आठवड्यात पोटाच्या तज्ज्ञांकडे नेऊन तोंडातून होणारी एंडोस्कोपी करून घ्या, जठरापर्यंतची. घशाची दुर्बीण पुरणार नाही. ते बोट घशावर ठेवत असले तरी अडथळा छातीत खालीसुद्धा असू शकतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला अडलेला घास माणसाला बऱ्याचदा गळ्याशी अडल्यासारखा वाटतो. प्रत्येक वेळी कॅन्सरच निघतो असं नाही, आम्लाने आलेला आकसलेपणाही असतो आणि तो फुगा घालून रुंद करता येतो. पण वाट बघण्यासारखं हे प्रकरण नाही. धीर आला म्हणून थांबू नका, एवढं कळकळीने सांगतो.

ताई, तुमच्यावर सविस्तर लिहितो रात्री.

सह्याद्रीपुत्र

धन्यवाद डॉक्टर. उद्याच फोन करतो. खरंच मी दोन्ही एकच समजत होतो.

स्वरदा

मी गाते. आमच्यात हे फार जणांना असतं आणि सगळे खाकरत बसतात. खाकरलं की दोन सेकंद बरं वाटतं, मग पुन्हा. माझ्या गुरुजींनी खाकरण्यावर बंदी घातली होती. खाज आली की पाण्याचा घोट घ्यायचा, खाकरायचं नाही. मृण्मयी, तुम्ही खाकरता का? शिकवणाऱ्यांना सवय असते.

मृण्मयी_डोंबिवली

हो स्वरदा! दिवसभर. नवरा म्हणतो जिन्यातून कळतं कोण येतंय ते.

वनस्पतीप्रेमी

गोळ्यांच्या मागे लागू नका. ज्येष्ठमधाची काडी दिवसभर चघळा, रात्री ज्येष्ठमधाचा काढा. कोमट पाणी, मीठ-हळदीच्या गुळण्या. कफ साठलाय, बाकी काही नाही.

घाटमाथा

आता ताईंच्या प्रश्नाकडे. "काहीच नाही" हे उत्तर अर्धवट आहे, आणि आमच्या ओपीडीत वेळेअभावी ते असंच दिलं जातं. नीट उत्तर असं, की गाठ नाही, पण जाणीव खरी आहे.

घसा संपून अन्ननलिका सुरू होते तिथे स्नायूचं एक कडं असतं. बटव्याची नाडी ओढून ठेवावी तसं ते एरवी कायम आवळलेलं असतं. श्वास घेताना हवा पोटात जाऊ नये आणि पोटातलं घशात येऊ नये म्हणून. घास आला की ते क्षणभर सैल होतं, घास त्याला ताणून पुढे जातो आणि ते पुन्हा मिटतं. हे कडं तुम्ही बोट ठेवता बरोबर त्याच पातळीवर आहे, स्वरयंत्राच्या खालच्या कडेच्या मागे. ताणात, भीतीत, आणि काही जणांत आम्ल वर आल्यावरही, त्याचा आवळ वाढतो. आसपासचे स्नायूही ताठरतात. रडू आवरताना घशात जे दाटून येतं ते प्रत्येकाला माहीत आहे. तो याच भागाचा खेळ आहे, फक्त तो थोड्या वेळात सुटतो.

आता जेवताना ते का जातं? घास मोठा असतो, कडं पूर्ण उघडावं लागतं, स्नायू ताणला जाऊन मोकळा होतो. कोरडा आवंढा गिळताना मात्र गिळायला काही नसतंच. थोडी लाळ असते, ती पहिल्या आवंढ्यात संपते. दुसऱ्या-तिसऱ्याला घशाच्या भिंती नुसत्या एकमेकींवर घासतात. हे वाचणाऱ्या सगळ्यांनी आत्ता करून बघा, पाणी न पिता लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळा. चौथ्या-पाचव्याला गिळणं जड होईल आणि घशात काहीतरी आहे असं वाटेल. तुमच्यापैकी कुणालाही आजार नाही. ताई हेच दिवसभर करताहेत. वाटतं म्हणून गिळायचं, गिळलं म्हणून वाटायचं. खाकरणं त्यात भर घालतं, कारण स्वरतंतू एकमेकांवर आपटून तिथे सूज येते आणि चिकटा वाढतो.

म्हणून मी पेशंटला पहिला प्रश्न विचारतो, जेवताना जास्त होतं की कमी? खरी गाठ असेल तर ती जेवणाच्या वेळी सुट्टी घेत नाही. घास तिला घासूनच जातो, आणि पोळी पाण्यापेक्षा आधी अडते.

टपरीवाला

ऑफिसात अख्ख्या ओळीने पाच आवंढे गिळून बघितले. आता सगळ्यांना गोळा आलाय. मॅनेजर विचारतोय मीटिंगमध्ये इतकं शांत का.

इंद्रधनू

डॉक्टर, छान समजावलंत. पण मला त्या "टेन्शन घेऊ नका"चा राग येतो, तो मांडू द्या. माझ्या आईला हाच त्रास होता. तिला नागपुरात जो तो सांगायचा की मनाचे खेळ आहेत. पुरुषाने घसा धरला तर तपासण्या, बाईने धरला तर मनाचे खेळ. आई शेवटी कुणाला सांगेनाशीच झाली.

घाटमाथा

इंद्रधनू, राग रास्त आहे आणि त्याला मोठा इतिहास आहे. या तक्रारीला इंग्रजी वैद्यकात कित्येक वर्षं 'ग्लोबस हिस्टेरिकस' म्हणायचे, म्हणजे थेट हिस्टेरियाचा शिक्का. गर्भाशय अंगात फिरतं आणि घशाशी येतं अशी फार जुनी समजूत होती, तिचाच तो वारसा. १७०७ साली जॉन पर्सेल नावाच्या डॉक्टरने मात्र गळ्याच्या स्नायूंच्या आकुंचनाकडे बोट दाखवलं होतं. १९६८ साली माल्कमसन यांनी हिस्टेरिया काढून टाकून 'ग्लोबस फॅरिंजिअस' हे नाव सुचवलं, कारण त्यांनी पाहिलेल्या बहुतेक पेशंटना हिस्टेरिया वगैरे काही नव्हतं. निरोगी माणसांना सहज विचारलं तर जवळपास निम्मे लोक म्हणतात की कधी ना कधी असं झालंय. पुरुषही त्यात भरपूर असतात. डॉक्टरकडे जाण्यात मात्र बायका जास्त.

मनाचा संबंध नाही असंही मी म्हणणार नाही. ताण हा स्नायूवर दिसतो, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या जबड्यावर, कुणाच्या घशावर. 'मनाचे खेळ' म्हणून तो खोटा ठरत नाही.

चिनी_मातीची_बरणी

अवांतर. चीनमध्ये हीच तक्रार सुमारे अठराशे वर्षांपूर्वी नोंदलेली आहे. झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने लिहून ठेवलंय की घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं वाटतं. नंतर त्याला आलुबुखारासारख्या फळाची बी अडकल्याची उपमा मिळाली. मी शांघायला नोकरीत असताना एका सहकाऱ्याकडून ऐकलं. तिकडे आजही त्यावर जुना काढा देतात.

केतकर_आजोबा

डॉक्टरसाहेब, सगळं पटलं, पण मला गोळीने बरं वाटलं हे सत्य आहे की नाही? मग मृण्मयीला दुप्पट डोस घ्यायला काय हरकत?

घाटमाथा

आजोबा, तुम्हाला बरं वाटलं हे शंभर टक्के खरं. पण तुम्ही त्याच वेळी जेवणाची वेळ बदललीत आणि उशाकडची बाजू उंच केलीत. शिवाय हा त्रास आपोआपही ओसरतो. यातलं काय लागू पडलं हे एका माणसावरून सांगता येत नाही.

म्हणूनच ब्रिटनमध्ये मोठा प्रयोग झाला, २०२१ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. घशाच्या अशाच दीर्घ तक्रारी असलेले ३४६ लोक घेतले. निम्म्यांना लॅन्सोप्राझोल ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १६ आठवडे. निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि जवळजवळ सारखंच बरं वाटलं. म्हणजे नुसती घशाची तक्रार असेल तर आम्लाच्या गोळीचा वेगळा उपयोग दिसला नाही. ज्यांना छातीत जळजळ आहे, तोंडात आंबट पाणी येतं, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना मी आजही चार ते आठ आठवडे देऊन बघतो आणि फरक नसेल तर बंद करतो. ताईंना जळजळ नाही, महिनाभर घेऊन फरक नाही. दुप्पट करण्यात मला अर्थ दिसत नाही. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवायला मात्र काही हरकत नाही, त्याने कुणाचं नुकसान होत नाही.

वनस्पतीप्रेमी, गुळण्या आणि कोमट पाण्याला माझी ना नाही. ज्येष्ठमध रोज भरपूर, आठवडेच्या आठवडे नको. त्याने ब्लडप्रेशर वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी तर विशेष जपावं.

वनस्पतीप्रेमी

ज्येष्ठमधाने बीपी वाढतं हे पहिल्यांदाच ऐकतोय. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या चघळतात. कुणाला काही झालं नाही.

घाटमाथा

अधूनमधून एखादी काडी चघळण्याने होत नाही, तुमचं बरोबर आहे. तुम्ही लिहिलंत "दिवसभर काडी आणि रात्री काढा", त्या प्रमाणाबद्दल बोलतोय.

मृण्मयी_डोंबिवली

डॉक्टर, पाच आवंढ्यांचा प्रयोग नवऱ्याला करायला लावला. त्यालाही गोळा आला! खरं सांगते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. पण दोन शंका आहेत. एक, थायरॉईडच्या गाठीचं काय? दोन, नाकातून घातलेल्या दुर्बिणीला ते स्नायूचं कडं दिसतं का? नसेल, तर त्याच्यामागे काही लपलं असेल तर? मावससासऱ्यांचंही आधी "काही नाही"च म्हणाले होते.

घाटमाथा

शंका चांगल्या आहेत.

थायरॉईड आधी. मानेची सोनोग्राफी कुणाचीही केली तरी अशा बारीक गाठी निघतात, वयाबरोबर आणखीच. ४ मिलिमीटर म्हणजे मुगाच्या दाण्याएवढी, तीही थायरॉईडच्या आत. तिने घशात काही जाणवत नाही. थायरॉईडच्या मोठ्या गाठीने दाब जाणवू शकतो, पण ती बहुतेक वेळा हाताला लागते. रिपोर्टमध्ये गाठीचं वर्णन आणि तिची श्रेणी लिहिलेली असते. ती तुमच्या डॉक्टरांना दाखवा, किती दिवसांनी पुन्हा बघायची ते सांगतील. घशातल्या गोळ्याशी तिचं नातं जोडू नका.

दुर्बीण. खरं आहे, ते कडं मिटलेलं असल्यामुळे नाकातल्या दुर्बिणीला त्याच्या आतलं दिसत नाही. जिभेचा मागचा भाग, स्वरतंतू, त्यांच्या बाजूचे दोन खळगे दिसतात. मग न दिसणाऱ्या जागेचं काय? तिथे काही वाढत असेल तर ते जेवणावर दिसतं. घास अडतो, गिळताना दुखतं, दुखणं एका बाजूच्या कानात जातं, त्या खळग्यात लाळ साठलेली दिसते. तुमचे मावससासरे पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले तेव्हा त्यांना यातलं काही होतं का? तंबाखू होती का?

आणखी एक विचारतो, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे?

मृण्मयी_डोंबिवली

त्यांची तंबाखू चाळीस वर्षांची. आणि हो, आता आठवतंय, सुरुवातीपासून उजवा कान दुखतो म्हणायचे. कानाचे थेंबच घालत होते कितीतरी दिवस. आवाजही बसला होता.

हिमोग्लोबिन ९.८. पाळी जास्त जाते म्हणून नेहमीच कमी असतं. त्याचा काय संबंध?

घाटमाथा

म्हणजे त्यांचं दुखणं तुमच्यासारखं कधीच नव्हतं. तंबाखू, एकाच बाजूच्या कानात कळ आणि बसलेला आवाज. आवाज तीन आठवड्यांच्या पुढे बसलेला असेल तर स्वरयंत्र पाहिलंच पाहिजे.

हिमोग्लोबिन विचारलं कारण लोह फार दिवस कमी राहिलं तर काही बायकांमध्ये अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा तयार होतो. त्यात गोळ्या आणि कोरडे घास अडायला लागतात, आणि क्वचित पुढे तिथेच कॅन्सर होऊ शकतो. तुम्हाला काही अडत नाही, म्हणून मी आत्ता त्यामागे जाणार नाही. पण ९.८ तसंच ठेवू नका. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी करा, लोहाच्या गोळ्या घ्या, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. पुढे कधी घास अडू लागला तर हा रक्तक्षय आवर्जून सांगा, म्हणजे एंडोस्कोपीला उशीर होणार नाही.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत माझी एंडोस्कोपी झाली होती, तेव्हा अन्ननलिकेच्या अगदी वरच्या टोकाला जठराच्या अस्तरासारखा छोटा पट्टा सापडला. जन्मापासूनचा म्हणाले. वायूच्या झोताने जाळला आणि माझा गोळा गेला. मृण्मयी, ते शोधायला सांगा. माझ्या मते सगळ्यांना तेच असतं, कुणी बघत नाही म्हणून सापडत नाही.

घाटमाथा

जर्सीकर, सगळ्यांना नसतं. पण तो पट्टा असतो हे खरं आणि एंडोस्कोप भराभर बाहेर काढला तर तो नजरेतून सुटतो हेही खरं. अडचण अशी की पट्टा असलेल्या पुष्कळ लोकांना काही त्रासच नसतो. जाळल्यावर बरं वाटल्याचे अभ्यास आहेत, पण छोटे. तुमच्या बाबतीत तोच दोषी असेल. दुसऱ्या कारणाने एंडोस्कोपी होणार असेल तर वरच्या टोकाला थांबून बघायला जरूर सांगावं. फक्त त्यासाठी ताईंनी एंडोस्कोपी करावी का, यावर आमच्यातही एकमत नाही.

वाचाघर

मी वाचा आणि गिळण्याची थेरपिस्ट आहे, पुण्यात. माझ्याकडे डॉक्टर असे पेशंट पाठवतात, म्हणून करून बघण्यासारखं थोडं लिहिते.

मृण्मयी, कोरडा आवंढा हाच तुमचा शत्रू आहे, आणि तो 'गिळायचा नाही' असं ठरवून थांबत नाही, उलट लक्ष तिथेच जातं. म्हणून त्याच्या जागी दुसरं काही द्यायचं. बाटली जवळ ठेवा, इच्छा झाली की छोटा घोट. वर्गात पाणी नको असेल तर ओठ मिटून, दात सुटे ठेवून हळू चावल्यासारखा जबडा फिरवा, लाळ सुटते. दिवसातून चार-पाच वेळा जांभई आणा, खरी नाही आली तर खोटी, आणि जांभईच्या शेवटी 'हाऽऽ' करत श्वास सोडा. जांभईत स्वरयंत्र खाली सरकतं आणि सगळा घसा रुंद होतो. काहींना त्या क्षणीच गोळा विरघळल्यासारखा वाटतो. पेपर तपासताना तुमची मान पुढे आणि दात घट्ट असणार, ते बघा. खाकरण्याऐवजी आवाज न करता हवेचा हलका झोत सोडा आणि वर पाण्याचा घोट.

हे तीन-चार आठवडे केल्याशिवाय ठरवू नका. सगळ्यांचा पूर्ण जात नाही. पण दिवसातून किती वेळा आठवतो, ते बहुतेकांचं कमी होतं.

आनंदयात्री_७२

मला याच त्रासावर अॅमिट्रिप्टिलीन दिलं आहे, रात्री एक. गुगलून बघितलं तर नैराश्याची गोळी! मी नैराश्यात नाही. घ्यायची बंद केली.

घाटमाथा

आनंदयात्री, नैराश्यासाठी ती बऱ्याच मोठ्या मात्रेत देत असत. थोड्या मात्रेत ती नसांची संवेदनशीलता कमी करायला वापरतात, जुनाट दुखण्यातही देतात. तुम्हाला वेडं समजून दिलेली नाही. मात्र तिने तोंड कोरडं पडतं, आणि कोरडं तोंड म्हणजे पुन्हा कोरडे आवंढे, त्यामुळे मी ती आधी काढत नाही. प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ज्यांनी दिली त्यांना ते सांगितलंय ना, हे बघा. शंका त्यांनाच विचारा, पण न सांगता बंद करून गप्प बसू नका.

पैलवान_कोल्हापूर

राम राम डॉक्टर. मलापण घशात काटा असल्यावानी वाटतंय, डाव्या बाजूला. जेवण जातंय. मावा खातो, दिवसाला चार-पाच पुड्या. डावा कान ठणकतो अधूनमधून. जेवण जातंय म्हणजे टेन्शन नाही ना?

घाटमाथा

पैलवान, राम राम. तुमचं या धाग्यातल्या गोळ्यासारखं नाही. मध्यभागी नाही, एका बाजूला आहे. दाब नाही, काटा आहे. त्याच बाजूचा कान ठणकतोय आणि मावा आहे. जेवण जातंय ही चांगली गोष्ट, पण तेवढ्यावर सोडू नका. टॉन्सिल, जिभेचा मागचा भाग, बाजूचे खळगे, हे दुर्बिणीने बघून घ्यायचं. पाच मिनिटांचं काम आहे, भूलही लागत नाही. आणि तोंड पूर्ण उघडतं का? तीन बोटं उभी मावतात का दातांमध्ये?

पैलवान_कोल्हापूर

दोन मावतात. तिखट खाल्लं की आग होते.

घाटमाथा

मग माव्याने गालाच्या आतली कातडी आखडत चालली आहे. मावा आजपासून बंद. सीपीआर हॉस्पिटलला किंवा जवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा आणि हेच सगळं, कानाचंसुद्धा, सांगा. जाऊन आलात की इथे लिहा.

सह्याद्रीपुत्र

अपडेट देतो. वडिलांची एंडोस्कोपी झाली. अन्ननलिकेच्या खालच्या भागात आकसलेपणा होता, तुकडे तपासायला पाठवले होते, त्यात कॅन्सर नाही आला. फुग्याने रुंद केलं आहे, गोळ्या चालू आहेत. परवा अर्धी भाकरी कोरडी खाल्ली. बोट मात्र ते शेवटपर्यंत गळ्यावरच ठेवत होते! डॉक्टर, तुम्ही त्या दिवशी लिहिलं नसतं तर मी थांबलो असतो.

केतकर_आजोबा

वा! फार बरं वाटलं वाचून. वडिलांना सांगा, नीट चावून खा आणि जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका.

मृण्मयी_डोंबिवली

सह्याद्रीपुत्र, खूप आनंद झाला.

माझं सांगते. वाचाघर यांनी लिहिलेलं करते आहे. कधी होतं ते एका वहीत टिपून ठेवलं, तर पेपर तपासणं, लोकलची वाट बघणं आणि रात्री आडवं पडणं, या तीन वेळा पक्क्या निघाल्या. तास घेताना आणि खाताना एकदाही नाही. जांभईने खरंच क्षणभर जातो. खाकरणं निम्म्यावर आलंय, नवऱ्याने स्वतःहून सांगितलं. गोळा गेलेला नाही. रात्रीचा अजून येतो, आणि थकले असले की जास्त. पण आला तरी आता मी आरशासमोर टॉर्च घेऊन उभी राहत नाही. फेरिटिन फारच कमी आलं, लोह सुरू केलं आहे.

एकच विचारायचं आहे, हा पूर्ण जातो का कधी?

घाटमाथा

काहींचा काही महिन्यांत जातो. काहींचा जातो आणि दगदगीच्या दिवसांत पाहुण्यासारखा परत येतो. काहींचा वर्षानुवर्षं थोडाबहुत राहतो. तुमचा कुठल्या वाटेने जाईल हे मला आज सांगता येणार नाही. अशा लोकांना पुढे कित्येक वर्षं तपासत राहून केलेले अभ्यास आहेत. गोळा राहिलेल्यांमध्येही त्यातून कॅन्सर झाल्याचं दिसलं नाही. राहिला म्हणून दर सहा महिन्यांनी दुर्बीण करायची गरज नाही. घास अडला, गिळताना दुखलं, गोळा एका बाजूला सरकला, आवाज बसून राहिला, मानेत गाठ हाताला लागली किंवा विनाकारण वजन उतरलं, तर मात्र जुन्या रिपोर्टवर विसंबून न राहता नव्याने तपासून घ्यायचं.

इंद्रधनू

हे शेवटचं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे मला तेव्हा कुणी इतकं नीट सांगितलं असतं तर! तिचा अजून आहे, पंचवीस वर्षं झाली. जेवते छान.

निशिगंध

पैलवान, गेलात का डॉक्टरकडे?

पैलवान_कोल्हापूर

सोमवारचा नंबर लावलाय. मावा बंद केलाय, डोकं उठलंय. जाऊन आलो की लिहितो.